ई-सिम नव्या फोनमध्ये येत नाही, जुना क्यूआर कोड चालत नाही: कारण आणि उपाय

नवा फोन हातात येतो, जुन्या फोनमधले ई-सिम काढून टाकले जाते, ई-मेलमध्ये जपून ठेवलेला जुना क्यूआर कोड नव्या फोनवर स्कॅन केला जातो आणि हा कोड आता वैध नाही अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर पडद्यावर येतो. तोपर्यंत जुन्या फोनवरची रेंजही गेलेली असते, म्हणजे नंबर कुठल्याच फोनवर नसतो. दापोलीतल्या आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी घरच्यांसाठी नवे फोन घेऊन येतात, त्या आठवड्यांत ती अधिक येते. फोन किंवा कंपनी कोणतीही असली तरी अडचणीचे मूळ एकच असते: ई-सिम हे प्लास्टिकच्या कार्डासारखे उचलून दुसरीकडे ठेवता येते, असा समज.

कार्डात काय असते आणि ई-सिममध्ये काय असते

प्लास्टिकच्या सिमकार्डात प्लास्टिकला फारसे काम नसते. सोनेरी पत्र्याखाली एक लहान चिप असते आणि तिच्यात ग्राहकाचा ओळख क्रमांक व एक गुप्त किल्ली साठवलेली असते. फोन टॉवरशी बोलू लागतो तेव्हा ही किल्ली वापरून तो आपली ओळख पटवतो. त्याच किल्लीची दुसरी प्रत कंपनीकडे असते आणि दोन्हींचा मेळ बसला की रेंज मिळते. कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातले की किल्लीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून कार्डाच्या बाबतीत फोन बदलायचा असला तरी कंपनीला विचारावे लागत नाही.

ई-सिमच्या फोनमध्ये अशीच एक चिप कारखान्यातच मदरबोर्डवर पक्की बसवलेली असते. विकत घेतलेल्या नव्या फोनात ती रिकामी असते. तिला स्वतःचा ३२ अंकी क्रमांक असतो आणि त्याला ईआयडी म्हणतात. ओळख क्रमांक, किल्ली आणि कंपनीच्या काही नोंदी यांचा एक संच इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवरून या चिपमध्ये उतरवला जातो. या संचाला प्रोफाइल म्हणतात, आणि आपण ज्याला ई-सिम म्हणतो ते म्हणजे बसवलेल्या चिपमध्ये उतरवलेले हे प्रोफाइल. एका चिपमध्ये अनेक प्रोफाइले राहू शकतात, मात्र एका वेळी त्यांतली एक किंवा दोनच चालू ठेवता येतात. रेंजच्या बाबतीत दोहोंत फरक नाही. हर्णैच्या ज्या वळणावर कार्डाला रेंज मिळत नाही, तिथे त्याच कंपनीच्या ई-सिमलाही मिळणार नाही. ई-सिम घेतल्यावर रेंज सुधारते असे दुकानात येऊन सांगणारे भेटतात, पण त्यांनी बहुधा त्याच वेळी फोनही बदललेला असतो.

खरा फरक पुढे आहे. उतरवलेले प्रोफाइल त्या एका चिपशी बांधलेले असते. एका चिपमधून बाहेर काढून दुसरीत ठेवता येईल अशी त्याची रचनाच नाही, कारण तसे करता आले असते तर किल्लीच्या नकला निघाल्या असत्या. प्रोफाइल पुसले म्हणजे ते कंपनीकडे परत जात नाही, नाहीसे होते. त्यामुळे ई-सिम नव्या फोनमध्ये नेणे म्हणजे कंपनीने त्याच नंबरासाठी नव्या चिपकरिता नवे प्रोफाइल तयार करणे आणि जुने रद्द करणे. जमिनीच्या फेरफाराप्रमाणे येथेही जुनी नोंद कमी होते आणि नवी चढते, आणि हे काम कार्यालयाच्या दप्तरात होते, आपल्या हातात नाही.

जुना क्यूआर कोड का चालत नाही

क्यूआर कोडमध्ये सिम नसते. प्रोफाइल कुठल्या सर्व्हरवर ठेवले आहे आणि ते उचलण्याची परवानगी कोणती, एवढेच त्यात लिहिलेले असते. कोड वाचणाऱ्या साध्या अ‍ॅपने तो उघडून पाहिला तर साधारण असा मजकूर दिसतो (येथे पत्ता व संकेत काल्पनिक आहेत):

```
LPA:1$smdp.example.com$ABCD-1234-EFGH
```

डॉलरच्या खुणांनी याचे तीन भाग पडतात. पहिला भाग हा मजकूर ई-सिमसाठी आहे एवढेच फोनला सांगतो, दुसरा सर्व्हरचा पत्ता असतो आणि तिसरा परवानगीचा संकेत असतो. फोन त्या पत्त्यावर जातो, संकेत दाखवतो, आपला ईआयडी सांगतो आणि प्रोफाइल उतरवून घेतो. प्रोफाइल उतरले की सर्व्हरवर त्या संकेतापुढे ते दिले गेल्याची नोंद होते आणि सर्वसाधारणपणे तो संकेत पुन्हा चालत नाही. पूर्वी जपलेला क्यूआर कोड नव्या फोनवर स्कॅन करणे म्हणजे वापरून झालेली परवानगी पुन्हा दाखवणे होय. कॅमेरा, फोन आणि इंटरनेट सगळे ठीक असूनही नकार येतो तो यामुळे, आणि दहा वेळा स्कॅन केले तरी उत्तर बदलत नाही.

याच कारणाने फोनच्या बॅकअपमधून ई-सिम परत येत नाही. फोटो, संपर्क, अ‍ॅप सगळे नव्या फोनवर उतरते, परंतु प्रोफाइल बॅकअपमध्ये गेलेलेच नसते.

एक उदाहरण

हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात होमस्टे चालवणाऱ्या एका गृहस्थांचे प्रकरण येथे तपशिलाने देतो, कारण यात बहुतेक सगळे अडथळे एकत्र आले. कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या पुतण्याने सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी आयफोन १७ आणला. कुवेत, कतार, ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती यांसारख्या देशांत विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ मध्ये सिमकार्डाची खाच नसते. तेथे फक्त ई-सिम चालते. भारतात विकल्या जाणाऱ्या त्याच मॉडेलमध्ये खाच असते. आखातातून फोन आणवून घेण्याची सवय आपल्याकडे खेड, दापोली, रत्नागिरी भागात जुनी आहे, म्हणून फोन आणायला सांगण्याआधी खाच आहे की नाही हे विचारून घ्यावे. या गृहस्थांचा नंबर आधीच एका अँड्रॉइड फोनमध्ये ई-सिमवर होता, त्यामुळे त्यांना त्याची चिंता वाटली नाही.

शनिवारी दुपारी, पाहुणे यायच्या आधी काम उरकावे म्हणून, त्यांनी अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ई-सिम पुसून टाकले. कार्ड काढल्याशिवाय दुसऱ्या फोनात कसे घालणार, हा त्यांचा तर्क होता आणि कार्डाच्या बाबतीत तो बरोबरही ठरला असता. मग त्यांनी ई-मेलमधला पहिल्या वेळचा क्यूआर कोड नव्या फोनवर स्कॅन केला आणि वर सांगितलेला नकार आला. कंपनीला एसएमएस करून नवे ई-सिम मागवायचे तर तो एसएमएस त्याच नंबरवरून जावा लागतो, आणि तो नंबर आता कुठल्याच फोनवर नव्हता. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिरायला ओटीपी लागत होता आणि तोही त्याच नंबरवर येणार होता.

येथे घरी बसून करण्यासारखे काही उरत नाही. त्यांना आधारकार्ड घेऊन तालुक्याच्या ठिकाणी कंपनीच्या दुकानात जावे लागले. तिथे ओळख पटवल्यानंतर त्यांच्या ई-मेलवर नवा क्यूआर कोड आला. ई-मेल त्यांनी नव्या आयफोनवरच उघडली आणि दुसरा प्रश्न उभा राहिला: कोड ज्या पडद्यावर दिसतो आहे तोच फोन स्वतःचा पडदा स्कॅन कसा करणार? पुतण्याच्या फोनवर कोड पाठवण्याऐवजी त्यांनी त्याच्या फोनवर आपली ई-मेल उघडून तो पडदा नव्या फोनसमोर धरला, आणि हे योग्यच केले, कारण कोड जितक्या फोनांवर जाईल तितका तो दुसऱ्याने वापरण्याचा धोका वाढतो. हल्लीच्या आयफोनमध्ये ई-मेलमधल्या कोडवर बोट दाबून धरल्यास `Add eSIM` हा पर्याय येतो. तो आला नाही तर `Enter Details Manually` येथे वरच्या मजकुरातला दुसरा व तिसरा भाग टाइप करता येतो. टाइप करताना डॉलरच्या खुणा आणि सुरुवातीचा `LPA:1` सोडून द्यायचा असतो.

प्रोफाइल उतरायला काही सेकंदच लागले, पण त्यानंतर बराच वेळ `Activating` असे दिसत राहिले. याच टप्प्यावर पुष्कळ लोक कंटाळून नव्या फोनमधले प्रोफाइल पुसतात आणि पुन्हा स्कॅन करायला जातात, मग तो नवा कोडही वाया जातो आणि दुकानाची फेरी पुन्हा घडते. प्रोफाइल उतरणे आणि कंपनीच्या यंत्रणेत नंबर त्या प्रोफाइलशी जोडला जाणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला कधी काही मिनिटे, कधी दोन-तीन तास लागतात. या गृहस्थांनी पुतण्याचे ऐकून फोन तसाच ठेवला आणि संध्याकाळी रेंज आली. फोन लागला, इंटरनेट चालू झाले, व्हॉट्सअ‍ॅपची पडताळणी एसएमएसऐवजी फोन कॉलने झाली. यूपीआय मात्र सुरू होईना.

रेंज आहे, पण ओटीपी येत नाही

सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरचे एसएमएस, येणारे आणि जाणारे दोन्ही, बंद ठेवले जातात. हा दूरसंचार विभागाने घातलेला नियम आहे. कोणी लबाडीने दुसऱ्याच्या नंबराचे सिम काढले तर त्याला लगेच बँकेचे ओटीपी मिळू नयेत आणि खऱ्या मालकाला आपल्या फोनची रेंज गेल्याचे लक्षात यायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. कार्डावरून ई-सिमवर जाताना आणि ई-सिम नव्या फोनमध्ये घेतानाही हा अनुभव येतो. फोन कॉल व डेटा या काळात चालतात.

यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना ते त्या नंबरवरून बँकेकडे एक एसएमएस आपोआप पाठवते आणि नंबर याच फोनमध्ये आहे याची खात्री करते. एसएमएस बंद असतील तर ही पायरी पुढे सरकत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे, अ‍ॅप काढून पुन्हा घालणे, बँकेला फोन करणे यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. २४ तास संपल्यावर हीच पायरी सहसा पहिल्याच प्रयत्नात पार पडते. फोनमध्ये दोन सिमे चालू असतील तर अ‍ॅपने विचारल्यावर बँकेत नोंदलेला नंबर ज्या सिमवर आहे तेच निवडावे, एवढे मात्र पाहावे. त्यानंतरही सुरुवातीच्या काळात पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते.

म्हणून फोन कधी बदलायचा, हे ठरवताना पुढचे २४ तास विचारात घ्यावेत. होमस्टेवाल्यांना शनिवार-रविवारी पाहुण्यांकडून पैसे यूपीआयने घ्यायचे होते आणि हर्णैच्या मासळीच्या लिलावावर आणलेल्या सुरमईचे पैसे द्यायचे होते. पहिले काम पत्नीच्या खात्याच्या क्यूआर पाटीवर निभावले, दुसरे रोखीने. हेच सोमवारी केले असते तर पळापळ झाली नसती. आंब्याच्या बागायतदारांनी एप्रिल-मेमध्ये, पेट्या रवाना होत असताना, व्यवहाराचा नंबर हलवू नये असे मी स्पष्टपणे सांगतो. एखादा दिवस फोन बदलायचा राहिला तर काही बिघडत नाही, पण वाशीच्या व्यापाऱ्याशी हिशोब अडकला तर बिघडते.

आणखी एक सूचना, ई-सिम एकदा अयशस्वी झाल्याने दुकानातून पुन्हा काढले तर ते पुन्हा सिम बदलणेच ठरते आणि २४ तासांची मोजणी नव्याने सुरू होते. तसेच हरवलेल्या वा निकामी सिमऐवजी नवे काढल्यानंतर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. फोनबरोबर कंपनीही बदलायचा विचार असेल तर आधी हे लक्षात घ्यावे.

योग्य क्रम

आता हेच काम अडथळ्याशिवाय कसे करावे ते पाहू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच आहे: नव्या फोनवर नंबर पूर्ण चालू होईपर्यंत जुन्या फोनमधले ई-सिम पुसायचे नाही. नवे प्रोफाइल जोडले गेले की जुने आपोआप निष्प्राण होते, ते काढण्याची घाई कोणालाच नसते.

प्रथम नव्या फोनवर `*#06#` डायल करावे. पडद्यावर ३२ अंकी ईआयडी दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे, न दिसल्यास तो फोन ई-सिम घेऊ शकत नाही आणि पुढचे काहीच करू नये. परदेशातून आणलेला फोन तिथल्या कंपनीला बांधलेला नाही ना, हेही पाहावे. आयफोनमध्ये `Settings`, `General`, `About` येथे `Carrier Lock` पुढे `No SIM restrictions` असे असले पाहिजे.

त्यानंतर इंटरनेटची सोय पाहावी. प्रोफाइल उतरवायला नव्या फोनला वायफाय लागते आणि येथे एक सापळा आहे. घरी वायफाय नसले की लोक जुन्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून नवा फोन त्याला जोडतात. पण तो हॉटस्पॉट ज्या नंबरवर चालतो तोच नंबर आपण हलवत असतो. मागणी मंजूर होऊन जुने सिम मधेच बंद पडले तर नव्या फोनचे इंटरनेट त्याच क्षणी जाते आणि कोड हातात असून प्रोफाइल उतरत नाही. शेजाऱ्याचा किंवा घरातल्या दुसऱ्या नंबराचा हॉटस्पॉट घ्यावा. पावसाळ्यात लाईट जायची शक्यता असेल तर घरच्या राउटरवरही भरवसा ठेवू नये.

दोन्ही आयफोन असतील तर नव्या फोनवर `Settings` मधून मोबाइल सेवेच्या भागात `Add eSIM` आणि मग `Transfer From Nearby iPhone` असा पर्याय येतो. ही सोय आयओएस १६ पासून आहे, मात्र कंपनीनेही तिला पाठिंबा दिलेला असावा लागतो. दोन्ही फोन जवळ ठेवून, ब्लूटूथ सुरू ठेवून, जुन्या फोनवर परवानगी दिली की कंपनीकडे मागणी जाऊन नवे प्रोफाइल येते. काही अँड्रॉइड फोनांतही अशी सोय आहे. सॅमसंगमध्ये `Connections`, `SIM manager`, `Add eSIM` या वाटेने पाहावे. पर्याय दिसत नसेल, किंवा अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचे असेल, तर कंपनीमार्फत जाणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

तो मार्ग जुना फोन चालू असताना एसएमएसने सुरू होतो. एअरटेलचे ग्राहक `121` वर आणि व्हीआयचे ग्राहक `199` वर असा संदेश पाठवतात:

```
eSIM आपला-नोंदणीकृत-ई-मेल-पत्ता
```

जिओचे ग्राहक `199` वर नव्या फोनचे दोन्ही क्रमांक देतात:

```
GETESIM ३२-अंकी-ईआयडी १५-अंकी-आयएमईआय
```

यातले देवनागरीतले शब्द आणि अंक फक्त जागा दाखवण्यासाठी आहेत. तिथे आपला पत्ता व क्रमांक इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. त्यानंतर पुष्टीचा संदेश येतो, काही कंपन्यांत पुष्टीसाठी फोनही येतो, आणि उत्तराला मुदत थोडी असते. एअरटेलमध्ये पहिल्या पुष्टीला मिनिटभरच मिळते. जिओमध्ये आधी एक १९ अंकी ई-सिम क्रमांक येतो आणि तो `SIMCHG` या शब्दापुढे लिहून पुन्हा `199` वर पाठवावा लागतो. सगळ्यांत घोटाळा होतो तो ई-मेलवरून. कंपनीकडे नोंदलेला पत्ता कॉलेजात असताना मुलीने काढून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. एसएमएस पाठवण्यापूर्वी त्या पत्त्याची ई-मेल उघडते की नाही हे पाहून घ्यावे.

पुष्टी देताना नवा फोन वायफायला जोडलेला आणि पुरेसा चार्ज झालेला असावा, आणि कोड दाखवायला तिसरा पडदा किंवा छापील कागद हाताशी असावा. कोड आला की तो आपल्याच फोनवर स्कॅन करावा आणि कोणालाही पुढे पाठवू नये. कंपनीतून बोलतो असे सांगून कोड, ईआयडीसह मेसेज किंवा पुष्टीचा आकडा मागणारा फोन आला तर तो तोडावा. आपण मागणी केलेली नसताना असे संदेश येऊ लागले आणि फोनची रेंज अचानक गेली, तर दुसऱ्या फोनवरून ताबडतोब कंपनीला, बँकेला आणि `1930` या सायबर फसवणुकीच्या क्रमांकाला कळवावे.

रेंज येत नसेल तर दोष कुठे आहे

प्रोफाइल उतरले आहे पण `No Service` दिसते, अशा वेळी प्रथम त्याच कंपनीचा दुसरा फोन त्याच जागी धरून पाहावा. त्यालाही रेंज नसेल तर दोष टॉवरचा आहे. आपल्याकडे लाईट गेल्यावर काही तासांत गावचा टॉवरही बसतो आणि त्यासाठी ई-सिमला दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या फोनला रेंज असेल तर सेटिंगमध्ये ती लाइन चालू आहे आणि नेटवर्क आपोआप निवडण्यावर आहे हे पाहून फोन एकदा बंद करून सुरू करावा. एवढ्यानेही काम झाले नाही आणि जुन्या फोनवर रेंज अजून टिकून असेल, तर जोडणी कंपनीकडून अजून पूर्ण झालेली नाही, थांबावे. दोन्हीकडची रेंज गेली आहे आणि दिवस उलटला आहे, तर ग्राहक सेवेला फोन करून नवे प्रोफाइल जोडले गेले का, एवढेच विचारावे. प्रोफाइल पुसणे हा उपाय त्यांनी सांगितल्याशिवाय करू नये.

जुना फोन पाण्यात गेला असेल तर

होडीवर किंवा पुळणीवर फोन खाऱ्या पाण्यात पडणे आपल्याकडे नवे नाही. कार्ड असेल तर ते पुसून, वाळवून दुसऱ्या फोनात घालता येते आणि बहुतेक वेळा चालते. ई-सिमची चिप मात्र फोनबरोबर गेलेली असते. तेव्हा ओळखपत्र घेऊन कंपनीचे दुकान गाठणे, एवढाच मार्ग राहतो.

यावरून माझे मत असे झाले आहे की बँकेला जोडलेला घरातला मुख्य नंबर, विशेषतः गावात एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांचा, शक्यतो प्लास्टिकच्या कार्डावर ठेवावा आणि दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी कार्ड काढून बटणाच्या साध्या फोनात घालता येते आणि त्याची बॅटरी दिवसचे दिवस पुरते. ई-सिमवरचा नंबर मात्र मोठ्या फोनची बॅटरी संपली की तिथेच अडकतो. चोरीच्या बाबतीत याउलट आहे, कारण चोराला ई-सिम काढून फेकता येत नाही. ज्यांचा प्रवास मुंबई-पुण्याच्या गर्दीत जास्त होतो त्यांना ते सोयीचे आहे.

जुना फोन विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर नव्या फोनवर कॉल, डेटा आणि २४ तासांनंतर एसएमएस असे तिन्ही चालल्याची खात्री झाल्यावरच त्यातले ई-सिम पुसावे. फोन रिसेट करताना ई-सिम ठेवायचे की मिटवायचे असे विचारले जाते. तोच फोन दुरुस्तीनंतर पुन्हा वापरायचा असेल तर ठेवावे, दुसऱ्याला द्यायचा असेल तर मिटवावे. दुरुस्तीला देताना मदरबोर्ड बदलावा लागेल असे कोणी सांगितले, तर चिप त्याच बोर्डवर असल्यामुळे ई-सिम पुन्हा काढावे लागणार हे गृहीत धरून बोर्ड बदलण्याआधीच नंबर दुसऱ्या फोनवर हलवून घ्यावा.